परदेशात राहून चरबी कमी करताय? या चुका टाळा

नव्या देशात गेलेले लोक मला स्वतःच्या खाण्याच्या नोंदी दाखवतात आणि म्हणतात, "कमी खातोय, तरी काटा हलत नाही." नोंदी चाळल्या की बहुतेक वेळा पहिल्याच पानावर तीच चूक सापडते. पाकिटावरचा कॅलरींचा आकडा किती ग्रॅमसाठी दिलाय, हे कोणी बघितलेलंच नसतं.

युरोपात पाकिटावर दर 100 ग्रॅमचा आकडा द्यावाच लागतो. अमेरिकेत मात्र ठळक आकडा असतो तो एका सर्व्हिंगचा. सर्व्हिंग म्हणजे किती खावं याचा सल्ला नव्हे आणि तुमच्या बाऊलमध्ये पडतं तेवढंही नव्हे. तो फक्त लेबलसाठी धरलेला एक हिशोब आहे.

माझ्या ओळखीचा एक जण रोज सकाळी ग्रॅनोला खायचा. पाकिटावर एका सर्व्हिंगला 210 कॅलरी होत्या. त्याने दुधाच्या 65 धरल्या आणि नाश्ता 275 चा म्हणून लिहून टाकला. दिवसाला 500 कॅलरी कमी खायचं ठरवलं होतं, तरी कित्येक आठवडे वजन होतं तिथेच. शेवटी जिममधल्या कोणीतरी त्याला संध्याकाळचं जेवण बंद करायला सांगितलं आणि त्याने तेही केलं. असे सल्ले ऐकले की माझा संताप होतो. मी त्याला एवढंच म्हटलं, "उद्या रोजच्यासारखाच बाऊल भर, पण काट्यावर ठेवून." लेबलवरची सर्व्हिंग 45 ग्रॅमची होती आणि बाऊलमध्ये पडला 120 ग्रॅम ग्रॅनोला, म्हणजे 560 कॅलरी. सायीसकट असलेलं दूध 250 मिली निघालं, त्याच्या आणखी 160. म्हणजे 275 चा नाश्ता प्रत्यक्षात 720 चा होता. ठरवलेल्या 500 मधल्या जवळपास 450 कॅलरी सकाळीच परत पोटात जात होत्या. संध्याकाळच्या जेवणाचा यात काही दोष नव्हता.

स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा घ्या. बाऊल ठेवून शून्य करा, पदार्थ ओता, आकडा लिहा. बारकोड स्कॅन करणाऱ्या अ‍ॅपवर सोडू नका, कारण ते बहुतेकदा आपणहून "एक सर्व्हिंग" धरून मोकळं होतं. "मला अंदाज येतो" असं नवखे लोक पहिल्याच आठवड्यात सांगतात. घरच्या जेवणाचा अंदाज वर्षानुवर्षं वाढून वाढून आलेला असतो. जे पाकीट कालच पहिल्यांदा हातात घेतलं, त्याचा कुठून येणार? निदान पहिले दोन-तीन आठवडे तरी मोजा.

दुसरी चूक कच्च्या-शिजलेल्याची. पास्ताच्या पाकिटावरचा आकडा सहसा कोरड्या पास्ताचा असतो, 100 ग्रॅमला साधारण 350 कॅलरी. उकडल्यावर त्याच 100 ग्रॅमचे पाणी पिऊन सव्वादोनशे ग्रॅम होतात, कॅलरी मात्र तेवढ्याच राहतात. शिजलेलं वजन करून त्याला कोरड्याचा आकडा लावला, तर हिशोब दुपटीहून जास्त फुगतो आणि माणूस विनाकारण उपाशी राहतो. उलट केलं, तर निम्म्याहून जास्त कॅलरी कागदावर येतच नाहीत. मी नेहमी कोरडंच मोजतो आणि भांड्यात ओतण्याआधीच लिहून ठेवतो. भाताचंही तेच.

बाकीच्या चुका थोडक्यात. तेल बाटलीतून थेट तव्यात ओतू नका. एका मोठ्या चमच्यात सुमारे 120 कॅलरी असतात आणि ओतताना तीन चमचे कधी गेले ते कळत नाही. ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिली असेल, तर 4.184 ने भागा. "लो फॅट" लिहिलेलं फळांचं दही घेण्याआधी त्यातली साखर बघा, नाहीतर सरळ साधं दही घ्या.

बाहेर जेवायचंय म्हणून दिवसभर काही न खाणं, हा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही. भुकेल्या माणसासमोर दोघांना पुरेल एवढी प्लेट आली की ती संपतेच. दुपारी नीट जेवा, प्लेट आल्या आल्या अर्धं डब्यात भरून घ्या आणि सॉस वेगळा मागा. रोज स्वयंपाक होत नसेल, तर फ्रीजरमध्ये गोठवलेल्या भाज्या आणि घरात अंडी, डब्यातले शिजवलेले कडधान्य एवढं कायम ठेवा. दहा मिनिटांत जेवण होतं आणि त्यात काय पडलं ते आपल्याला माहीत असतं.

नव्या देशातल्या पहिल्या आठवड्यांत काट्यावर फार विसंबू नका. तयार खाण्यात मीठ भरपूर असतं. त्याने अंगात पाणी धरतं आणि एका रात्रीत किलोभर वजन वाढलेलं दिसू शकतं. ती चरबी नसते. रोज सकाळी वजन करा, पण आठवड्याची सरासरी मागच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून बघा. तीन आठवडे सरासरी हलली नाही, तरच जेवण कमी करा, आणि तेही बाऊल पुन्हा एकदा काट्यावर ठेवून बघितल्यावर.