काठीच्या फोटोवरून आडव्या ड्रममधलं डिझेल मोजताना

आमचा डिझेलचा ड्रम शेतावर आडवा ठेवलेला आहे. भाचा काठी बुडवून तिचा फोटो पाठवतो आणि लिटर मी काढतो. ड्रमचा आतला व्यास ६० सेंमी, लांबी १२० सेंमी, दोन्ही तोंडं सपाट. भरला की साधारण ३३९ लिटर.

काठी मधल्या भोकातून सरळ खाली सोडायची, तळाला टेकवायची आणि काढायची. डिझेलचा डाग फिकट असतो, म्हणून आधी खडू फासा आणि काढल्या काढल्या फोटो घ्या. खडूतून डिझेल वर चढतं.

खरी फसगत फोटोत होते. मी सुरुवातीला पडद्यावर अख्ख्या काठीची आणि ओल्या भागाची लांबी मोजून गुणोत्तर लावायचो. भाचा काठी तिरकी धरून वरच्या टोकाजवळून फोटो काढायचा, त्यामुळे जवळचं टोक मोठं दिसायचं आणि लांबचा ओला भाग आखडायचा. एकदा हिशेब १६ सेंमी आला आणि काठीवर प्रत्यक्षात १८ होते. दोनच सेंमी, पण लिटरमध्ये १३ चा फरक! तेव्हापासून काठीवर दर ५ सेंमीला खाच आहे आणि तळाच्या टोकाला लाल रंग. ओल्या रेघेच्या वरची आणि खालची खाच फोटोत दिसलीच पाहिजे, नाहीतर फोटो परत मागवतो. मग फक्त त्या दोन खाचांमध्येच मोजायचं. फोटो मोठा करून पाहिलं तर १५ च्या खाचेपासून रेघ १२ मिलिमीटरवर, आणि २० ची खाच २० मिलिमीटरवर. म्हणजे १५ + ५ × १२ ÷ २० = १८ सेंमी. एवढ्या छोट्या टप्प्यात तिरकसपणाचा फरक नगण्य राहतो. तरी काठी फळीवर आडवी ठेवून वरून सरळ फोटो काढायला सांगाच.

आता लिटर. ‘१८ म्हणजे ६० चा तीस टक्के, म्हणजे ३३९ चा तीस टक्के’ असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. तसं १०२ येतात, खरे ८६ च्या आत आहेत. आडवा ड्रम तळाशी अरुंद आणि मध्ये रुंद असतो. हे एक्सेलच्या खान्यात टाका:

```
=120*(30^2*ACOS((30-18)/30)-(30-18)*SQRT(2*30*18-18^2))/1000
```

उत्तर ८५.६ लिटर. १२० ही लांबी, ३० त्रिज्या, १८ काठीचं माप. ड्रम अर्ध्याहून जास्त भरला तरी हेच चालतं. सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर करणार असाल तर कोन रेडियनमध्ये ठेवा, अंशात ठेवलात तर आकडा भलताच येतो.

ड्रम एका बाजूला कललेला असेल तर मधल्या भोकातूनच मोजा, टोकाच्या भोकातून नाही. तोंडं फुगीर असतील तर या हिशेबात थोडं कमी दिसेल. आणि आमच्या ड्रममध्ये १८ सेंमीपाशी एक सेंमी म्हणजे साडेसहा लिटरच्या वर जातं, त्यामुळे अर्ध्या सेंमीच्या चुकीवरून कुणाला तेल चोरल्याचं बोलू नका.