सीट सोडायची असेल तर वेळेत आणि लेखी सोडा

नागपुरातल्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात कॅपमधून प्रवेश घेतला, फी भरली आणि नंतर व्हीएनआयटीत नंबर लागला, असं दरवर्षी काही मुलांचं होतं. मग आधीच्या कॉलेजात फोन करून "आम्ही येत नाही" एवढं सांगून घरचे मोकळे होतात. पण फोनने सीट रिकामी होत नाही. नोंदीत ती तुमच्याच नावावर राहते आणि पुढच्या फेरीत रांगेतल्या मुलाला दिसतच नाही.

आधी नवीन प्रवेश पक्का करा, कारण रद्द केलेली सीट परत मागता येत नाही. मग सीईटी सेलच्या आपल्या लॉगिनमधून प्रवेश रद्द करण्याचा अर्ज भरा, त्याची सही केलेली प्रत कॉलेजात द्या आणि पोच घ्या. पुढची फेरी सुरू होण्याआधी हे झालं तर उत्तम. कट-ऑफ तारखेआत रद्द केल्यास फक्त प्रक्रिया शुल्क कापून फी परत मिळते. ती तारीख उलटली की पैसे अडकतात.

सोबतचं पत्र छोटं असू द्या:

"माननीय प्राचार्य, आपण दिलेल्या प्रवेशाबद्दल मनापासून आभार. मला अन्यत्र प्रवेश मिळाल्याने मी संगणक शाखेतली माझी जागा सोडत आहे. ती पुढील विद्यार्थ्याला द्यावी. मूळ कागदपत्रं आणि फीचा परतावा मिळावा, ही विनंती."

खाली अर्ज क्रमांक आणि बँक खात्याचा तपशील लिहा. कॉलेजातल्या उणिवा पत्रात काढू नका. टीसी मात्र त्याच दिवशी मागा, नव्या कॉलेजात ती लागतेच.