काना व तिच्या बहिणी: विधेयाची विभक्ती नेमकी कोठे चुकते?

अरबी व्याकरणात 'काना' हे क्रियापद आणि त्याच्यासारखी वागणारी आणखी बारा क्रियापदे यांना 'काना व तिच्या बहिणी' असे म्हणतात. त्यांचा नियम एका वाक्यात सांगता येतो: नामवाक्यावर यांपैकी एखादे क्रियापद आले की उद्देश्य प्रथमेत, म्हणजे 'रफा' अवस्थेत, तसेच राहते आणि विधेय द्वितीयेसारख्या 'नस्ब' अवस्थेत जाते. उद्देश्याला आता 'मुब्तदा' न म्हणता 'कानाचे इस्म' म्हणतात आणि विधेयाला 'कानाची खबर'. आपण मराठीत बातमीला खबर म्हणतो, तोच हा शब्द आहे. उद्देश्याविषयी जे सांगितले जाते ती खबर.

पुढील उदाहरणे नागरीत लिहिताना शब्दाच्या शेवटचा ऱ्हस्व अकार मराठी वाचनात गळून जाऊ नये म्हणून तो आकार देऊन दाखवला आहे. विभक्ती शेवटच्या स्वरातच असल्यामुळे तो स्वर ऐकू येणे आवश्यक आहे.

'अल्-बैतु कबीरुन्' म्हणजे घर मोठे आहे. 'काना अल्-बैतु कबीरन्' म्हणजे घर मोठे होते. 'कबीरुन्'चे 'कबीरन्' झाले, एवढाच बदल. इतका सोपा नियम असूनही वह्या तपासताना मला सर्वाधिक चुका याच ठिकाणी आढळतात, आणि त्यांतील बहुतेक चुका नियम पाठ नसल्यामुळे होत नाहीत. वाक्यातील खबर कोणती हे ओळखता न आल्यामुळे त्या होतात.

आपल्याकडच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत पहिली अडचण मातृभाषेतून येते. 'तो शिक्षक आहे' आणि 'तो शिक्षक होता' या दोन्ही वाक्यांत 'शिक्षक' हा शब्द जसाच्या तसा राहतो. शाळेत संस्कृत शिकलेल्याच्या मनात तर हा समज अधिकच पक्का असतो, कारण 'दशरथः नृपः आसीत्' या वाक्यात दोन्ही नामे प्रथमेतच असतात. असणे या अर्थाच्या क्रियापदाला कर्म नसते, मग द्वितीयेसारखे रूप कशासाठी, असा प्रश्न त्याला पडतो आणि नकळत तो 'काना अल्-बैतु कबीरुन्' असे लिहितो. बसरा येथील वैयाकरणांनी याचे उत्तर असे दिले की काना हे सकर्मक क्रियापदासारखे दोन नामे मागते. त्यातील पहिले कर्त्यासारखे व दुसरे कर्मासारखे वागते. 'कबीरन्' हे खरे कर्म नव्हे, पण रूपाने ते कर्मासारखे आहे, इतके लक्षात ठेवले तर संस्कृतची सवय आड येत नाही.

आखाती देशांत नोकरीच्या निमित्ताने बोलीभाषा कानावर पडलेल्यांची अडचण वेगळी असते. बोलीत विभक्तीचे अंत्य स्वर उरलेलेच नाहीत, त्यामुळे तेथे घर मोठे होते हे सांगताना 'कबीर' एवढेच उच्चारले जाते. लेखी अरबीत मात्र स्वरचिन्हे दिलेली नसली तरी ही चूक दिसते, कारण अनिश्चित पुल्लिंगी एकवचनी नामाच्या 'अन्' या अंतासाठी एक जास्तीचा अलिफ लिहावा लागतो. तो अलिफ राहिला की वाक्य चुकले हे वाचकाला तत्काळ कळते. गोल 'ता'ने संपणाऱ्या शब्दांना हा अलिफ लागत नाही. 'कानति अल्-गुर्फतु कबीरतन्' यात नस्ब आहे, पण तो उच्चारात आहे, अक्षरात नाही. अलिफ दिसत नाही म्हणून येथे नस्ब नाही असे मानणे किंवा घाईने 'ता'पुढे अलिफ जोडणे, या दोन्ही चुका सारख्याच प्रमाणात होतात.

यापेक्षा गंभीर चूक म्हणजे नस्ब म्हणजे केवळ 'अन्' असे समजणे. नस्ब ही अवस्था आहे. तिचे चिन्ह नामाच्या प्रकाराप्रमाणे बदलते. 'शिक्षक हजर होते' हे वाक्य घ्या. 'अल्-मुअल्लिमूना हाझिरूना' यावर काना आले की 'काना अल्-मुअल्लिमूना हाझिरीना' होते. 'ऊना'च्या जागी 'ईना' येते. (क्रियापद नामाआधी आल्यामुळे ते एकवचनीच राहते; मराठीतील 'होते'च्या प्रभावाखाली 'कानू' लिहू नये.) द्विवचनात 'मुज्तहिदानि'चे 'मुज्तहिदैनि' होते: 'काना अत्-तालिबानि मुज्तहिदैनि', दोघे विद्यार्थी मेहनती होते. स्त्रीलिंगी नियमित अनेकवचनात तर नस्बाचे चिन्ह 'इ' हा स्वर असतो. 'शिक्षिका हजर होत्या' याचे रूप 'कानति अल्-मुअल्लिमातु हाझिरातिन्' असे होते. 'हाझिरातन्' हे रूप ऐकायला गोड लागते, नियमाला धरून वाटते, आणि तरीही ते चूक आहे. 'काझी' या ओळखीच्या शब्दात उलटाच प्रकार दिसतो: 'अर्-रजुलु काझिन्', तो पुरुष काझी आहे, यात शेवटचा 'य' लपलेला असतो, आणि काना आल्यावर तो परत येतो: 'काना अर्-रजुलु काझियन्'.

आता खऱ्या मुद्द्याकडे येऊ. मराठी वाचक 'क्रियापदानंतरचे पहिले नाम म्हणजे इस्म आणि दुसरे म्हणजे खबर' असा हिशेब करतो, आणि बहुतेक वेळा तो जुळतोही. पण अरबीत खबर पुढे सरकू शकते. 'घरात एक माणूस होता' यासाठी 'काना फी अल्-बैति रजुलुन्' असे म्हणावे लागते. येथे 'रजुलुन्' शेवटी आहे, म्हणून विद्यार्थी त्याला खबर समजून 'रजुलन्' करतात. प्रत्यक्षात खबर आहे 'फी अल्-बैति', घरात. कोणाविषयी सांगितले जात आहे तर माणसाविषयी, म्हणून 'रजुलुन्' हेच इस्म. ते अनिश्चित आहे आणि खबर शब्दयोगी अव्ययाची आहे, म्हणून मूळ वाक्यातही ते मागेच होते: 'फी अल्-बैति रजुलुन्'.

कुराणात याची स्पष्ट उदाहरणे आहेत. तिसाव्या सूरेच्या 47व्या आयतीत 'व काना हक्कन् अलैना नस्रु अल्-मुअ्मिनीना' असे येते. श्रद्धावंतांना साहाय्य करणे हे आमच्यावर कर्तव्य होते, असा त्याचा अर्थ. 'हक्कन्' आधी आले तरी ते खबर आहे आणि 'नस्रु' मागाहून आले तरी ते इस्म आहे. दुसऱ्या सूरेची 177वी आयत तर अभ्यासण्यासारखी आहे. हफ्स या कुराणपाठकाच्या पाठानुसार तेथे 'लैसा अल्-बिर्रा अन् तुवल्लू' असे वाचतात, म्हणजे नसणे या अर्थाच्या 'लैसा' या बहिणीची 'अल्-बिर्रा', पुण्य, ही पुढे आलेली खबर आणि 'तुम्ही तोंड वळवणे' हे इस्म. इतर बहुतेक पाठांत 'अल्-बिर्रु' आहे, म्हणजे तेच इस्म. दोन्ही पाठ मान्य आहेत, आणि व्याकरण दोन्हींना आधार देते. एका स्वराने वाक्यातील भूमिका कशी बदलते हे येथे डोळ्यांनी दिसते.

म्हणून मी विद्यार्थ्यांना एकच कृती सांगतो. वाक्यातून काना काढून टाका, उरलेले नामवाक्य पुन्हा उभे करा, कोणाविषयी व काय सांगितले आहे ते ठरवा, आणि मगच काना परत ठेवून फक्त 'काय सांगितले' या भागाच्या मुख्य शब्दाला नस्ब द्या. ही कृती विशेषणांच्या बाबतीतही वाचवते. 'नवीन विद्यार्थी मेहनती होता' यात 'नवीन' हे इस्माचे विशेषण आहे, खबर नव्हे; म्हणून 'काना अत्-तालिबु अल्-जदीदु मुज्तहिदन्'. पहिल्या विशेषणावरच नस्ब लावून मोकळे होणे ही सवय सोडावी लागते.

खबर एकच शब्द नसून संपूर्ण वाक्य असेल तर नस्ब दिसतच नाही. 'काना झैदुन् यक्तुबु', झैद लिहीत असे, यात 'यक्तुबु'चे 'यक्तुबा' करू नये. क्रियापदाचा असा अंत 'अन्', 'लन्' यांसारख्या अव्ययांमुळे बदलतो, काना त्याला हात लावत नाही. नस्ब आहे तो संपूर्ण 'यक्तुबु' या वाक्याच्या स्थानाला, शब्दाला नाही. 'झैदाचा बाप व्यापारी होता' हे दोन प्रकारे म्हणता येते, आणि तुलना करून पाहिल्यास फरक मनात ठसतो. 'काना अबू झैदिन् ताजिरन्' यात 'ताजिरन्' ही साधी खबर. 'काना झैदुन् अबूहु ताजिरुन्' यात मात्र झैद हे इस्म, आणि 'अबूहु ताजिरुन्', त्याचा बाप व्यापारी, हे संपूर्ण लहान वाक्य खबर. त्या लहान वाक्यात दोन्ही नामे रफातच राहतात.

कधीकधी कानाला खबर लागतच नाही. 'होणे, अस्तित्वात असणे' या पूर्ण अर्थाने ते आले की नुसता कर्ता पुरतो. दुसऱ्या सूरेच्या 280व्या आयतीत 'व इन् काना झू उस्रतिन्' म्हणजे कर्जदार अडचणीत सापडलेला असेल तर. येथे 'झू' हे रफाचे रूप आहे. खबर शोधत बसल्यास ते 'झा' असावे असा गैरसमज होतो.

बहिणींविषयी थोडक्यात. 'अस्बहा', 'अद्हा', 'झल्ला', 'अम्सा', 'बाता' यांचा मूळ संबंध दिवसाच्या वेळांशी आहे, 'सारा' म्हणजे होणे, 'लैसा' म्हणजे नसणे. 'मा झाला', 'मा बरिहा', 'मा फतिआ', 'मा इन्फक्का' ही चार नकारासह येतात, पण अर्थ होकारी असतो: 'मा झाला अल्-जव्वु बारिदन्' म्हणजे हवा अजूनही थंड आहे. त्यातील 'मा' पाहून 'हवा थंड नव्हती' असे भाषांतर करणे ही नेहमीची चूक आहे. 'मा दामा'तील 'मा' तर नकाराचा नाहीच. त्याचा अर्थ 'जोपर्यंत'. 'लैसा'नंतर 'बि' आला, जसे 'लैसा अल्-बाबु बि-मफ्तूहिन्', की शब्दावर 'जर्र' या, शब्दयोगी अव्ययानंतर येणाऱ्या अवस्थेचे चिन्ह येते, स्थान मात्र नस्बाचेच राहते. आणि नियम केवळ भूतकाळाच्या रूपाला नाही: 'सयकूनु अल्-जव्वु बारिदन्' आणि 'कुन् सादिकन्' (खरा राहा) यांतही खबर नस्बातच आहे.

आता एका विद्यार्थ्याच्या वहीतील तीन वाक्ये त्याच कृतीने तपासू. पहिले: 'काना अल्-मुअल्लिमु अल्-जदीदा जालिसुन्', नवे शिक्षक बसले होते. काना काढल्यावर उरते 'अल्-मुअल्लिमु अल्-जदीदु जालिसुन्'. सांगितले आहे ते बसण्याविषयी, म्हणून 'अल्-जदीदु' रफात परत जाईल आणि 'जालिसन्' होईल. दुसरे: 'काना फी अल्-फस्लि तालिबैनि', वर्गात दोन विद्यार्थी होते. काना काढल्यावर 'फी अल्-फस्लि तालिबानि' उरते; खबर आहे 'वर्गात', म्हणून 'तालिबानि'च बरोबर. तिसरे: 'लैसति अल्-मुअल्लिमातु हाझिरातन्'. खबर अचूक ओळखली आहे, नस्बही द्यायचा आहे, फक्त चिन्ह चुकले आहे, 'हाझिरातिन्' हवे. या तिसऱ्या चुकीला मी अर्धे गुण देतो, दुसऱ्या चुकीला देत नाही.