कारणे दाखवा नोटीस : खुलासा लिहिताना

‘आपल्या निष्काळजीपणामुळे पुरवठादाराचे देयक मुदतीत अदा झाले नाही व कार्यालयास विलंब शुल्क भरावे लागले. आपणावर शिस्तभंगाची कारवाई का करू नये, याचा खुलासा तीन दिवसांत सादर करावा.’ लेखा शाखेत असताना मला आलेल्या नोटिशीतला हा मुख्य मजकूर.

यात तीन गोष्टी आहेत. देयकाला उशीर झाला, हे खरं. विलंब शुल्क भरावं लागलं, हेही खरं. ते माझ्या निष्काळजीपणामुळे झालं, हे खोटं. रागाच्या भरात माणूस तिन्ही नाकारतो आणि मग खऱ्या नकारालाही वजन उरत नाही. मी पहिल्या दोन मान्य केल्या आणि तिसरीला स्पष्ट नकार दिला.

नकार मात्र तारखांनी द्यायचा. ‘मी प्रामाणिकपणे काम करतो’ या वाक्याचा तिथे काडीचा उपयोग नाही. आधी फाइलच्या हालचालीची नोंदवही काढली आणि मग लिहिलं :

‘सदर देयक दि. ४ रोजी माझ्याकडे प्राप्त झाले. सोबत माल मिळाल्याची पोच नसल्याने त्याच दिवशी टिपणीसह भांडार शाखेकडे परत पाठवले. दि. ११ रोजी पूर्तता झाली व दि. १२ रोजी प्रस्ताव मंजुरीसाठी सादर केला. अदा करण्याची मुदत दि. १५ होती. मंजुरी दि. १८ रोजी प्राप्त झाली. सबब माझ्या स्तरावर विलंब झालेला नाही.’

खाली सहपत्रं : टिपणीची प्रत आणि नोंदवहीच्या संबंधित पानाची प्रत. ‘साहेबांच्या टेबलावर फाइल पडून होती’ असं लिहिण्याचा मोह होतोच, पण १२ आणि १८ या दोन तारखा शेजारी ठेवल्या की वाचणाऱ्याला कळायचं ते कळतं. शिवाय खुलासा बहुतेकदा त्याच साहेबांमार्फत वर जातो!

शेवटी सवयीने येणारं ‘तरी काही चूक झाली असल्यास क्षमस्व’ हे वाक्य कटाक्षाने टाळा. पुढे चौकशी लागली तर नेमकं तेवढंच उचललं जातं. त्याऐवजी, ‘आरोप मान्य नाही. नोटीस दप्तरी दाखल करावी. अधिक माहिती हवी असल्यास समक्ष म्हणणे मांडण्याची संधी द्यावी’ एवढं पुरे.

नोटिशीत तारीख किंवा देयक क्रमांकच नसेल, किंवा लागणारी कागदपत्रं तुमच्याकडे नसतील, तर ती मागणारं आणि मुदतवाढीची विनंती करणारं पत्र मुदतीच्या आतच द्या. गप्प बसलात तर ‘काही म्हणणे नाही’ असं गृहीत धरून एकतर्फी निर्णय होऊ शकतो.

खुलासा आवक शाखेत देऊन स्वतःच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. नंतर बऱ्याचदा कुणी काहीच कळवत नाही. तेव्हा महिन्याभराने, खुलासा स्वीकारला की नाही हे लेखी कळवावं, असं दोन ओळींचं पत्र द्या. नोटीस तुमच्या सेवाविषयक फाइलमध्ये राहते, आणि बढतीच्या वेळी ती फाइल उघडणाऱ्याला ही हकिगत माहीत नसते.