टूज कॉम्प्लिमेंटमध्ये वजाबाकी: उत्तर नेमकं कुठे चुकतं? या चुका टाळा

१२ − ५ बायनरीत करायला सांगितलं की बरेच जण पहिल्याच पायरीला चुकतात, म्हणजे ५ चं `101` लिहितात, बिट उलटे करून `010`, एक मिळवून `011`, आणि मग डावीकडे शून्यं भरून `00000011` करतात. पण हे तर ३ झालं, आणि १२ मध्ये ३ मिळवले की उत्तर १५ येतं! गडबड एवढीच की आठ बिट आधी ठरवायला हवे होते. शून्यं आधी भरायची, उलटं नंतर करायचं, कारण डावीकडच्या त्या शून्यांचे पण एक व्हायला पाहिजेत.

```
 5      00000101
उलटे    11111010
+1      11111011   (-5)
12    + 00001100
      1 00000111
```

आपण केलेलं −५ बरोबर आहे का हे बघायचं असेल तर ते मूळ ५ मध्ये मिळवा, आठही बिट शून्य आले आणि एक कॅरी बाहेर पडला तर बरोबर. एक मिळवायचा विसरला असाल तर तिथे सगळे एकच एक दिसतात, लगेच कळतं.

आता वर बाहेर आलेला नववा बिट सोडून द्यायचा, उरलं `00000111`, म्हणजे ७. इथे बरेच जण घाबरतात, कॅरी आला म्हणजे ओव्हरफ्लो झाला असं धरतात. तसं नाहीये. ५ − १२ करून बघा, `00000101` अधिक `11110100` बरोबर `11111001`, कॅरी नाही, पहिला बिट १ म्हणजे उत्तर ऋण. ते २४९ म्हणून वाचू नका, परत उलटं करून एक मिळवा, ७ येतात, म्हणून उत्तर −७.

खरा ओव्हरफ्लो कॅरी न येताही होतो आणि तोच जास्त फसवतो. १०० + ५० घ्या:

```
  01100100
+ 00110010
  10010110
```

दोन धन संख्या मिळवल्या आणि उत्तर ऋण, −१०६! आठ बिटांत −१२८ ते १२७ एवढंच बसतं, १५० मावतच नाही. जावामध्ये `(byte)(100 + 50)` प्रिंट केलंत तर हेच −१०६ दिसेल, एरर वगैरे काही येत नाही. म्हणून कॅरीकडे नाही, चिन्हांकडे बघा: दोन्ही संख्यांचं चिन्ह सारखं आणि उत्तराचं वेगळं, तरच ओव्हरफ्लो. एक धन एक ऋण असेल तर बेरजेत ओव्हरफ्लो होऊच शकत नाही.

राहिला −१२८. `10000000` उलटं करून एक मिळवलं की परत `10000000` च येतं, आणि लोक आपलं गणित चुकलं समजून पुन्हा पुन्हा करत बसतात. चुकलेलं काही नसतं, +१२८ ला आठ बिटांत जागाच नाही, त्याच्यासाठी नऊ बिट घ्यावे लागतात.