ऑक्सिजन सेन्सर बदलण्याआधी या चुका टाळा

चेक इंजिनचा दिवा लागतो, स्कॅनरवर P0171 हा मिश्रण लीन असल्याचा कोड दिसतो आणि तासाभरात गाडीला नवा ऑक्सिजन सेन्सर बसलेला असतो. चार दिवसांनी दिवा पुन्हा लागतो. हे इतक्या वेळा पाहिलंय की आता राग येतो. काढून फेकलेले बहुतेक सेन्सर ठणठणीत असतात. ते खरं सांगत होते, ऐकणाऱ्याने अर्थ चुकीचा लावला.

म्हणून आधी हा सेन्सर नेमकं काय सांगतो ते बघू. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने सुमारे १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल लागतं. सेन्सरच्या टोकाशी झिर्कोनियाचं टोपण असतं. त्याच्या बाहेरून धूर जातो आणि आत बाहेरची साधी हवा असते. टोक साधारण ३०० अंशांच्या वर तापलं, की दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजनमधल्या फरकामुळे त्यात व्होल्टेज तयार होतं. मिश्रण रिच, म्हणजे पेट्रोल जास्त असेल, तर धुरात ऑक्सिजन जवळजवळ उरत नाही आणि ०.८ ते ०.९ व्होल्ट दिसतात. लीन, म्हणजे हवा जास्त असेल, तर ऑक्सिजन उरतो आणि व्होल्टेज ०.१च्या आसपास येतं. मधली उडी अगदी १४.७पाशीच पडते. त्यामुळे हा साधा सेन्सर 'अलीकडे' की 'पलीकडे' एवढंच सांगतो, किती ते सांगत नाही. आणि तो पेट्रोल मोजत नाही, फक्त उरलेला ऑक्सिजन मोजतो. पुढचा सगळा घोळ हे विसरल्यामुळे होतो.

(वाइडबँड सेन्सर वेगळा असतो. तो करंटवर चालतो आणि प्रमाणही सांगतो. वरचे व्होल्ट त्याला लावू नका.)

चूक पहिली: लीनचा कोड आला म्हणून सेन्सर बदलणे

ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, आत आलेल्या हवेच्या मापावरून इंजेक्टर किती वेळ उघडायचा ते ठरवतो, मग सेन्सरचं उत्तर ऐकून त्यात दुरुस्ती करतो. क्षणाक्षणाची दुरुस्ती स्कॅनरवर STFT म्हणून दिसते आणि सवयीने साठलेली LTFT म्हणून. दोन्हींची बेरीज पाच टक्क्यांच्या आत असेल तर मी तिकडे पुन्हा बघत नाही. अधिक चिन्ह म्हणजे ईसीयू पेट्रोल वाढवतोय, उणे म्हणजे कमी करतोय. ही बेरीज वीस-पंचवीसच्या घरात जाऊन तिथेच राहिली, की P0171 पडतो. म्हणजे हा कोड सेन्सर बिघडल्याचा नाहीच. 'मी इतकं पेट्रोल वाढवलं तरी ऑक्सिजन उरतोय' अशी ती ईसीयूची तक्रार आहे.

एक चार सिलिंडरची पेट्रोल गाडी माझ्याकडे आली, तेव्हा तिचा सेन्सर दोनदा बदलून झाला होता. घेऊन आलेला तरुण मेकॅनिक म्हणाला, "काका, नवा टाकला तोही खराब निघाला." दोन नवे सेन्सर एकच गोष्ट सांगत असतील, तर ती गोष्ट खरी धरून पुढे जायचं असतं. एवढं कोणी थांबून बघितलंच नव्हतं.

गाडी पूर्ण तापवून आकडे घेतले. आयडलला STFT +६ आणि LTFT +१८, म्हणजे एकूण २४ टक्के जास्त पेट्रोल. सेन्सरचं व्होल्टेज बहुतेक वेळ ०.१ ते ०.२. इंजिन २५०० आरपीएमवर धरलं तर बेरीज सातवर उतरली. मग अॅक्सिलरेटर एकदम दाबला आणि व्होल्टेज क्षणात ०.८५वर गेलं. इथेच सेन्सर निर्दोष सुटला. मेलेला किंवा सुस्तावलेला सेन्सर असा उसळत नाही.

आयडलला बेरीज जास्त आणि आरपीएम वाढवल्यावर कमी, असं दिसलं की सगळे इनटेकची एअर लीक शोधायला धावतात. संशय रास्त आहे. फाटलेल्या पाइपातून येणारी जादा हवा आयडलच्या थोड्या हवेत मोठा वाटा घेते, आरपीएम वाढला की तो वाटा कमी होतो. त्या मेकॅनिकने इनटेकचं गॅस्केट आणि सगळे व्हॅक्यूम पाइप बदलून टाकले होते. फरक शून्य.

मी स्पार्क प्लग काढले. चारही काळे, कोरड्या काजळीने माखलेले. प्लग बघायला पंधरा मिनिटं लागतात आणि नेमकी हीच पायरी घाईत गाळली जाते. इनटेकची लीक खरी असती, तर वाढवलेल्या पेट्रोलला जोडीची हवाही आत आलेली असती. मिश्रण पुन्हा १४.७पाशी आलं असतं आणि प्लग स्वच्छ राहिले असते. काळे प्लग सांगत होते की सिलिंडरमध्ये मिश्रण खरोखर रिच आहे. मूळ माप बरोबर असताना २४ टक्के पेट्रोल जास्त टाकलं, तर प्रमाण जवळजवळ १२ला १ होतं. मग सेन्सरला दिसणारा ऑक्सिजन सिलिंडरमधून आलेला नव्हता. तो वाटेत कुठूनतरी घुसत होता.

एक्झॉस्टमध्ये दाब एकसारखा नसतो. प्रत्येक सिलिंडरच्या धक्क्यानंतर क्षणभर दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो. सेन्सरच्या अलीकडे एक्झॉस्ट मॅनिफोल्डला बारीक तडा असेल, तर त्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला ऑक्सिजन दिसतो, तो लीन सांगतो, ईसीयू पेट्रोल वाढवतो. पण तड्यातून येणारी हवा पेट्रोलने थांबत नाही, म्हणून वाढ चालूच राहते. आरपीएम वाढला की धूर जोरात येतो, हवेला आत शिरायला जागा उरत नाही आणि बेरीज खाली येते. म्हणूनच स्कॅनरवर ही लीक इनटेकच्या लीकसारखीच दिसते.

मालकाला विचारलं तेव्हा कळलं की सकाळी गार इंजिनला काही मिनिटं टिकटिक आवाज येतो आणि नंतर जातो. लोखंड तापून फुगलं की तडा बराचसा मिटतो, म्हणून आवाज जातो. थोडी हवा मात्र आत जात राहते. गार इंजिनवर सायलेन्सरच्या टोकातून स्मोक मशीनचा धूर सोडला, तर मॅनिफोल्डच्या दोन नळ्या जिथे जुळतात तिथल्या वेल्डिंगमधून धुराची बारीक रेघ निघाली. मॅनिफोल्ड बदलला. त्यानंतर आयडलला STFT उणे पंधराच्या पुढे गेला. मेकॅनिक घाबरला. घाबरायचं कारण नव्हतं, LTFTमध्ये जुने +१८ अजून साठलेले होते आणि STFT ते कापत होता. साठलेलं पुसलं, गाडी थोडी चालवली आणि दोन्ही आकडे दोन-तीनच्या आत आले. सेन्सर तोच ठेवला.

मिसफायरही हाच खेळ करतो. एका सिलिंडरमध्ये ठिणगी पडली नाही, तर तिथला ऑक्सिजन न जळता बाहेर येतो आणि सेन्सर लीन म्हणतो. न जळलेलं पेट्रोल त्याला दिसतच नाही. लीनच्या जोडीला मिसफायरचा कोड असेल, तर मी आधी प्लग आणि कॉइल बघतो. आणि बेरीज आयडलला ठीक पण लोडवर वाढत असेल, तर हवेची लीक शोधणं सोडा, पेट्रोलचा दाब मोजा.

चूक दुसरी: आल्या आल्या कोड पुसणे

"पुसून बघू, परत येतो का." हे वाक्य ऐकलं की मी स्कॅनर हातातून काढून घेतो. कोड पुसला की त्यासोबत कोड पडतानाची नोंद जाते, म्हणजे आरपीएम, लोड आणि इंजिनचं तापमान. बहुतेक गाड्यांमध्ये साठलेला LTFTही शून्यावर येतो. वरच्या गाडीत तो +१८ हाच मुख्य धागा होता. आधी नोंद आणि दोन्ही आकडे आयडल, २५०० आरपीएम आणि रस्त्यावर चढ चढताना असे तीन वेळा कागदावर लिहा. पुसायचं ते दुरुस्तीनंतर.

चूक तिसरी: हलणारी रेघ बघून घाबरणे

तापलेल्या इंजिनवर पुढच्या सेन्सरचं व्होल्टेज सतत ०.१ आणि ०.९च्या मध्ये हेलकावे खातं. नवशिक्याला वाटतं, सेन्सर स्थिर नाही. अहो, तसंच हवं. ईसीयू ०.४५च्या खाली गेलं की पेट्रोल वाढवतो, वर गेलं की कमी करतो. साध्या सेन्सरवर १४.७ राखण्याची हीच पद्धत आहे. या हेलकाव्यांवरच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चालतो. लीन क्षणी तो ऑक्सिजन साठवतो आणि रिच क्षणी त्याच ऑक्सिजनने कार्बन मोनॉक्साइड आणि उरलेलं पेट्रोल जाळतो.

काळजी करायची ती सपाट रेघेची. इंजिन तापूनही रेघ ०.४५पाशी खिळलेली असेल, तर बऱ्याच गाड्यांमध्ये ते सेन्सरचं बोलणं नसतंच, ईसीयूने स्वतः दिलेलं व्होल्टेज असतं. अशा वेळी तुटलेली वायर किंवा बंद हीटर शोधा. कन्व्हर्टरच्या मागचा सेन्सर मात्र ०.६-०.७ला शांत असायला हवा. मागचा पुढच्यासारखा नाचू लागला, तर कन्व्हर्टरने हात टेकलेत. स्क्रीनवर पुढचा सेन्सर Sensor 1 असतो आणि मागचा Sensor 2. तो नीट वाचा, चुकीचा सेन्सर बदललेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

चूक चौथी: कनेक्टरमध्ये ग्रीस आणि स्प्रे

आतल्या बाजूची ताजी हवा बऱ्याच सेन्सरमध्ये वायरच्या तारांमधूनच येते. कनेक्टरमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर किंवा ग्रीस भरलं, तर ती वाट बुजते किंवा त्यांच्या वाफेने आतला ऑक्सिजन घटतो. मग दोन बाजूंतला फरक कमी, व्होल्टेज कमी आणि सेन्सर खोटं लीन सांगतो. सोल्डर केल्यावरही हवा अडते, म्हणून सेन्सरच्या वायरला मी सोल्डरिंग लावत नाही. वायर तुटलीच असेल, तर क्रिम्प जोड आणि वरून उष्णता सोसणारी नळी.

बाकीच्या चुका थोडक्यात. सेन्सरला वायर ब्रश, अॅसिड किंवा बर्नर लावू नका, त्याने प्लॅटिनमचा थर जातो. गॅस्केटला साधा सिलिकॉन लावू नका, त्याची वाफ टोकावर पांढरा थर धरते आणि सेन्सर कायमचा सुस्तावतो. सेन्सरसाठी सुरक्षित लिहिलेलाच घ्या. अँटी-सीझ फक्त आट्यांना लावा, टोकाला लागू देऊ नका, आणि नव्या सेन्सरला कारखान्यातूनच लावलेलं असेल तर वरून आणखी नको. जाम झालेला सेन्सर इंजिन कोमट असताना, खाच असलेल्या २२ मिमीच्या सॉकेटने काढा. लाल तापलेल्या मॅनिफोल्डवर जोर लावला तर आटे सोलून हातात येतात.