बॉक्सवाल्याला रेट कमी करायचा मेल कसा लिहायचा (डिलिव्हरीच्या तारखांसकट)

आपल्याकडे सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलवाल्यांची जी छोटी युनिटं आहेत त्यातले बरेच जण बॉक्स संपत आले की सप्लायरला फोन करतात, "300 बॉक्स पाठवा, आणि रेट जरा बघा की ओ." मीही कित्येक वर्षं हेच केलं. रेट कधी बघितला जात नाही, कारण 300 साठी त्याला मशीन पुन्हा सेट करायला लागते, कागदाची कड वाया जाते आणि टेम्पो अर्धा रिकामा येतो. सूट हवी असेल तर त्याचा हा खर्च कुठे वाचतोय ते मेलमध्ये दिसलं पाहिजे. म्हणून रेट आणि तारखा एकाच मेलमध्ये लिहायच्या. वेगवेगळं बोललं की तो रेट कमी करतो आणि माल एकदम आणून टाकतो, मग ठेवायचा कुठे?

मेल लिहायच्या आधी एक काम करा, सध्याचा बॉक्स काट्यावर ठेवा. माझा बॉक्स फाइव्ह प्लाय, 600 बाय 400 बाय 300 मिलिमीटर, वजन साधारण 1 किलो 30 ग्रॅम, रेट 62 रुपये अधिक जीएसटी. म्हणजे किलोला साधारण 60 रुपये पडले. हा किलोचा आकडा वहीत लिहून ठेवा, पुढे फार कामाला येतो.

मग तुमचा खप काढा. माझा महिन्याला 900 आहे म्हणजे दिवसाला 30, आणि पुढे दिवाळीचा माल. आता गंमत अशी की हा बॉक्स घडी घालून ठेवला तर एका पिकअपमध्ये साधारण 700 बसतात (तुमच्या साइजला वेगळा आकडा येईल, ड्रायव्हरला विचारा, त्याला बरोबर माहीत असतं). म्हणून मी हप्ते 700 चेच ठरवले, एकूण 4 गाड्या, 2800 बॉक्स. 700 बॉक्स मला 23 दिवस पुरतात, त्यावरून तारखा आपोआपच निघाल्या, फक्त दिवाळीच्या मालासाठी शेवटच्या दोन जरा अलीकडे घेतल्या.

पहिला मेल असा गेला. विषय: "2800 फाइव्ह प्लाय बॉक्स, ऑगस्ट ते ऑक्टोबर, रेट आणि डिलिव्हरी".

> नमस्कार साहेब,
>
> आत्तापर्यंत आम्ही 300-400 च्या लॉटने बॉक्स घेत होतो, रेट 62 रुपये. आता तीन महिन्यांची ऑर्डर एकदम द्यायचा विचार आहे.
>
> बॉक्स: फाइव्ह प्लाय, 600 × 400 × 300 मिमी, कागद आणि प्रिंटिंग सध्याचंच, वजन 1 किलोच्या खाली नको.
>
> एकूण 2800 नग, 700 च्या चार गाड्या: 5 ऑगस्ट, 28 ऑगस्ट, 18 सप्टेंबर, 8 ऑक्टोबर. प्रत्येक वेळी पिकअप पूर्ण भरेल. माल सकाळी 11 ते 4 मध्ये आमच्या गोडाऊनला पोच, उतरवायची हमाली आमची.
>
> पेमेंट: प्रत्येक गाडीचं बिल 15 दिवसांत.
>
> या हिशोबाने 56 रुपये अधिक जीएसटी, पोच, असा रेट जमेल का? शुक्रवारपर्यंत कळवलं तर लगेच पीओ काढतो.

यात "तुमचा रेट जास्त आहे" किंवा "दुसरीकडे स्वस्त मिळतं" असलं काही नाही. खरंच दुसऱ्याचं कोटेशन हातात असेल तर सांगा, पण थाप मारू नका. चिंचोळी एमआयडीसीतले काय आणि अक्कलकोट रोडचे काय, सगळे एकमेकांना ओळखतात आणि रेट संध्याकाळपर्यंत कळतात.

"पोच" हा शब्द विसरू नका. एकदा मी तो लिहिलाच नव्हता, 3 रुपये कमी मिळाले म्हणून खूश होतो आणि बिलात टेम्पोभाडं वेगळं लागून आलं.

पेमेंटचंही एक बघा. सप्लायर स्वतः बॉक्स बनवत असेल आणि उद्यम रजिस्ट्रेशनमध्ये सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तर लेखी ठरवूनही 45 दिवसांच्या पुढे उधारी नेता येत नाही, आणि लेखी काही ठरलंच नसेल तर 15 दिवस. मुदत चुकली तर तो खर्च इन्कमटॅक्सला पैसे प्रत्यक्ष दिल्यावरच धरतात. त्यामुळे 60-90 दिवस उधारी मागून सौदा करायचा असेल तर आधी सीएला विचारा.

आता उत्तर काय येतं? मला आलं ते असं, 56 परवडत नाही, 60 करतो, पण सगळा माल एकदम उचला. इथे बरेच जण एकतर हो म्हणतात नाहीतर चिडून फोन करतात. त्याची अडचण काय आहे ते बघा. त्याला 2800 एकदम काढणं सोपं आहे, पण काढून ठेवलेला माल म्हणजे त्याचे पैसे अडकले, आणि आपण मध्येच "आता नको" म्हटलं तर आपल्या नावाचं प्रिंटिंग असलेले बॉक्स तो कुणाला विकणार? आणि माझी अडचण अशी की पावसाळ्यात 2800 बॉक्स पत्र्याच्या शेडमध्ये ठेवले तर ओल धरून मऊ पडतात, थप्पी लावली की खालचा बॉक्स दबतो. म्हणून दुसऱ्या मेलमध्ये त्याची भीती कमी केली आणि तारखा मात्र सोडल्या नाहीत.

> साहेब, उत्तराबद्दल धन्यवाद. एकदम माल ठेवायला कोरडी जागा नाही, त्यामुळे चार गाड्या तशाच ठेवू. मात्र तुम्ही माल दोन टप्प्यांत बनवून ठेवला तरी चालेल, आणि सगळे 2800 नग 15 ऑक्टोबरपर्यंत उचलायची जबाबदारी आमची, पीओमध्ये तसं लिहून देतो.
>
> कागदासाठी 25 टक्के अॅडव्हान्स देतो, तो चारही बिलांत सारखा वळता करा. रेट 58 करू.
>
> क्राफ्ट कागद किलोला 2 रुपयांपेक्षा जास्त वर किंवा खाली गेला तर राहिलेल्या गाड्यांचा रेट दोघांनी बोलून बदलू.
>
> गाडीला उशीर होणार असेल तर 4 दिवस आधी कळवा, आणि त्या तारखेला निदान 300 नग पाठवा.

58 ला जमलं. 2800 वर 4 रुपये म्हणजे 11,200 वाचले, अॅडव्हान्स गेला 40,600 (जीएसटी सोडून). अॅडव्हान्स नवीन सप्लायरला देऊ नका, दोन-तीन वर्षांचा व्यवहार असेल तरच. कागदाची अट दोन्ही बाजूंनी लिहायची, नुसती आपल्या फायद्याची लिहिली तर तो सहीच करणार नाही. बॉक्स साधारण किलोभराचा असल्याने कागद 2 रुपयांनी हलला की बॉक्सही तेवढाच हलतो, हिशोब सरळ.

उशिराला दंड लावा असं काही जण सांगतात. मला ते पटत नाही, छोट्या व्यवहारात दंड कुणी देत नाही, नुसतं वाजतं. त्यापेक्षा 300 नगाची अट चांगली, 10 दिवस निघतात. शिवाय गोडाऊनमध्ये 200 बॉक्स कायम शिल्लक ठेवतो, त्याला हात लावायचा नाही.

सगळं ठरल्यावर फोनवर काय बोललात ते त्याच मेलच्या धाग्यात लिहून "बरोबर आहे ना?" एवढं विचारा आणि त्याचं "होय" येऊ द्या. मग पीओ.

आणि पहिली गाडी आली की पहिल्यांदा वजन. वेगवेगळ्या गठ्ठ्यांतून 10 बॉक्स काढून काट्यावर ठेवा, सरासरी काढा. एका जुन्या सप्लायरने मला 58 ला बॉक्स दिला होता आणि तो भरला 930 ग्रॅम, म्हणजे किलोला 62 रुपये पडले, जुन्या 60 पेक्षाही महाग! आतला कागद हलका लावला होता, बघून कळत नाही, ट्रकमध्ये थप्पी बसल्यावर कळतं. भिजलेला बॉक्स मात्र जड भरतो, त्यामुळे पावसात आलेली गाडी असेल तर दोन दिवस कोरड्यात ठेवून मग वजन करा. कमी भरलं तर काट्याचा फोटो त्याच मेलला जोडून लगेच पाठवा, दुसरी गाडी निघायच्या आत.